रिक्रुटरला मेसेज टाकताय? आधी व्हिसाची ओळ बघा

मागच्या वर्षी जर्मनीतल्या एका रिक्रुटरला मी ठोकून दिलं, "व्हॅलिड शेंगेन व्हिसा आहे, कुठेही यायला तयार." व्हिसा होता हो, पण कुपवाड एमआयडीसीतल्या आमच्या कंपनीने हॅनोव्हरच्या प्रदर्शनाला पाठवलेलं तेव्हाचा. दोन राउंड मस्त झाले, तिसऱ्यात बाई म्हणाली मग पुढच्या महिन्यात जॉइन होताय ना, आणि मी गप्प. तो व्हिसा 180 दिवसांत 90 दिवस फिरायचा, त्यावर नोकरी करता येत नाही. तिला वाटलं मी खोटं बोललो.

तर आता पहिली तयारी व्हिसाची. परमिट नसेल तर नाही असं सरळ लिहा, आणि पुढे काय लागेल तेही; आपल्यासारख्या डिग्रीवाल्यांना ते ब्लू कार्ड, म्हणजे पगाराची अट असलेलं वर्क परमिट. म्हणजे असं (पाठवायचं इंग्रजीतच): "सीएनसी प्रोग्रॅमर, मेकॅनिकल डिग्री, 7 वर्षं अनुभव. सध्या सांगलीत, जर्मनीचं वर्क परमिट नाही, ऑफर मिळाल्यावर ब्लू कार्डसाठी अर्ज करणार. डिग्री anabin वर तपासली आहे. नोटीस 60 दिवस. श्टुटगार्टच्या आसपास किंवा म्युनिकला यायची तयारी." बास, एवढंच. नाव, नंबर, सीव्ही तर जोडायचंच, ते वेगळं सांगायला नको.

anabin म्हणजे परदेशी डिग्री जर्मनीत कितपत मानतात ते दाखवणारी तिथली सरकारी वेबसाइट, तिच्यावरचं मात्र खरंच तपासा, नुसतं लिहू नका. तिथे कॉलेज शोधत बसू नका, डिग्री विद्यापीठ देतं, म्हणजे आपल्याकडे बहुतेकांना शिवाजी विद्यापीठच शोधायचं. समोर H+, म्हणजे विद्यापीठ मान्य, असं दिसलं म्हणून लगेच नाचू नका, आपला कोर्सही वेगळा बघायचा, आणि दोन्हीची प्रिंट काढून ठेवायची. कोर्स सापडलाच नाही तर ZAB या जर्मन सरकारी कार्यालयाकडून डिग्रीचं मूल्यांकन करून घ्यावं लागतं, त्यात वेळ जातो, म्हणून हे मेसेजच्या आधी.

पगाराचा आकडा मेसेजमध्ये नको, डोक्यात ठेवा. ब्लू कार्डला 2026 मध्ये वर्षाला 50,700 युरो ग्रॉस लागतात, इंजिनिअरसारख्या टंचाईच्या कामांना साधारण 45,934. रिक्रुटर त्याच्या खालचं बोलायला लागला तर ब्लू कार्ड विसरा, आणि मग मेसेजमधली ती ओळ पण बदलावी लागेल. हो, परत व्हिसाचीच ओळ!

"कुठेही यायला तयार" हे तर नकोच. वाचणाऱ्याला वाटतं हा शंभर जणांना हेच पाठवतोय. शहर लिहा, कधीपासून ते लिहा, आणि 60 दिवस नोटीस म्हणजे 60 दिवसांत तिथे हजर असं नाही, व्हिसाचे आठवडे वेगळे धरा. बायकोला विचारलंय का तेही बघा, मी ऑफरच्या बोलण्यापर्यंत घरी सांगितलं नव्हतं, तो किस्सा नंतर कधीतरी.

पासपोर्टची मुदत, जर्मन कितपत येतं, बघून घ्या. पाठवायच्या आधी एकदा वाचा. व्हिसाची ओळ वर आहे का? खाली गेली असेल तर वर घ्या.