कोण किती घेणार? कंपनी सुरू होण्याआधी हिस्से ठरवण्याची रीत

‘आपलं ठरलंय ना, तिघांत सारखं’ या वाक्यावर अनेक धंदे सुरू होतात. भागीदारी फर्म असेल आणि काहीच लिहिलेलं नसेल, तर कायदाही हेच म्हणतो: 1932 च्या भागीदारी कायद्यानुसार वेगळा करार नसल्यास नफा-तोटा समान वाटला जातो. मग कोणी नोकरी सोडून राबलं, कोणी फक्त शनिवार-रविवार आलं, याला अर्थ राहत नाही. म्हणून बोलणी आधी, नोंदणी नंतर.

एक कल्पित उदाहरण घेऊ. नाशिकमध्ये तिघांना लाकडी घाण्याच्या तेलाची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढायची आहे. पहिलीला घाण्याची आणि तेलबियांची जाण आहे, वर्षभर घरून तेल विकून तिने नियमित गिऱ्हाइकं जोडली आहेत. दुसरा विक्री बघणार, तोही पूर्णवेळ. तिसरा आयटीतली नोकरी करत हिशेब सांभाळेल आणि सहा लाख रुपये घालेल.

पहिल्या बैठकीत टक्क्यांचं नाव काढू नका. तिघांनी वेगवेगळ्या कागदांवर तीन प्रश्नांची उत्तरं लिहायची आणि मग कागद एकत्र उघडायचे: आठवड्याला किती तास देणार, पगाराशिवाय किती महिने घर चालेल, आणि कशामुळे सोडून जाल. तिसऱ्या प्रश्नाला ‘मी सोडणारच नाही’ असं उत्तर आलं, तर कागद परत द्या. लग्न, आईवडिलांचं आजारपण, परदेशातली संधी, सगळं लिहायला सांगा. खरी बोलणी याच प्रश्नावर होतात. टक्के त्यामानाने सोपे असतात.

आता पैसा आणि कष्ट वेगळे करा. सहा लाखांच्या बदल्यात तिसऱ्याला हिस्सा द्यायचा म्हटलं की आजच कंपनीची किंमत ठरवावी लागते, आणि अजून एक लिटरही न विकलेल्या कंपनीची किंमत कोणाला सांगता येणार? त्यापेक्षा ते कर्ज माना, व्याजदर आणि परतफेडीची तारीख लिहा. तो संचालक असेल, तर रक्कम स्वतःची आहे, उसनी नाही, असं लेखी देऊन कंपनीला हे कर्ज देऊ शकतो. फक्त त्याचं नेमणूकपत्र आधी वाचा: बऱ्याच आयटी कंपन्या दुसरीकडे संचालक होण्याला परवानगी मागतात.

उरले कष्ट. पहिल्या दोघांचे आठवड्याला 48-48 तास, तिसऱ्याचे 10. एकूण 106, म्हणजे ढोबळमानाने 45, 45 आणि 10 टक्के. पहिलीने आधीच उभी केलेली गिऱ्हाइकं धरायला हवीत. त्यासाठी एक टक्का विक्रीवाल्याकडून तिच्याकडे वळवला: 46, 44, 10. एकच टक्का का, असं ती विचारेल, आणि विचारावंच. माझं मत असं की धंदा उभा राहायला पुढची चार वर्षं लागणार असतील, तर मागच्या एका वर्षाला फार वजन देऊ नये.

हे आकडे मतांच्या तराजूत तोलून बघा. साध्या ठरावाला निम्म्याहून जास्त मतं लागतात, ती इथे कोणा एकाकडे नाहीत. पहिले दोघे भांडले, तर निर्णय आठवड्याला दहा तास देणाऱ्याच्या हाती जातो. ते चालणार नसेल, तर उत्पादनात तिचा शब्द अखेरचा, विक्रीत त्याचा, आणि नवे शेअर, मोठं कर्ज, कंपनी विकणं यांना तिघांचीही संमती, असं लिहून ठेवा. अगदी 50-50 वाटणीत असा काही मार्ग लिहिला नसेल, तर कंपनी जागच्या जागी अडते.

सगळ्यात महत्त्वाची पायरी म्हणजे हिस्सा एकदम नाही, काम करत करत कमवायचा. याला व्हेस्टिंग म्हणतात. प्रचलित मुदत चार वर्षांची: पहिलं वर्ष पुरं होण्याआधी गेलेल्याला काही नाही, वर्ष भरताच चौथा भाग, पुढे दरमहा थोडा थोडा. शेअर पहिल्याच दिवशी नावावर होतात, पण न कमावलेले शेअर जाताना उरलेल्यांना दर्शनी किमतीत द्यायचे, अशी अट असते.

समजा दहा रुपयांचे 10,000 शेअर आहेत. विक्रीवाल्याकडे 4,400, आणि तो 18 महिन्यांनी पुण्याला नोकरी धरतो. 48 पैकी 18 महिने, म्हणजे 1,650 शेअर त्याचे कायमचे. उरलेले 2,750 बाकी दोघांना 46 ला 10 या प्रमाणात जातात: पहिलीला 2,259, तिसऱ्याला 491. आता पहिलीकडे 68.6 टक्के, तिसऱ्याकडे 14.9, गेलेल्याकडे 16.5. ही अट नसती, तर 44 टक्के घेऊन तो पुण्यात बसला असता आणि तीन-चतुर्थांश मतं लागणारा प्रत्येक विशेष ठराव एकट्याने अडवू शकला असता. मृत्यू किंवा गंभीर आजारासाठी वेगळा, सौम्य नियम लिहा. कमावलेले शेअर वारसांना जातील, हे तेव्हाच स्पष्ट करा.

इथे दोन अडचणी येतात. ‘कंपनी ते शेअर रद्द करील’ असं नुसतं लिहून भागत नाही, कारण भांडवल कमी करायला किंवा शेअर परत घ्यायला कायद्याची वेगळी प्रक्रिया लागते. म्हणून हस्तांतर उरलेल्या भागीदारांकडेच ठेवावं. दुसरं, बाजारमूल्यापेक्षा कमी दराने शेअर मिळाले आणि फरक 50,000 रुपयांहून जास्त झाला, तर घेणाऱ्यावर प्राप्तिकर लागू शकतो. पहिल्या वर्षी फरक नगण्य असतो, पण धंदा वाढला की तसा राहत नाही. सीएला हे करार करतानाच विचारा.

तिघांचं एकमत झालं की आधी एका पानावर साध्या मराठीत लिहून सह्या करा, मग वकिलाकडून भागधारक करार करून घ्या. पण तोच मजकूर कंपनीच्या नियमावलीत, म्हणजे आर्टिकल्स ऑफ असोसिएशनमध्येही हवा. शेअर हस्तांतरावरचं जे बंधन नियमावलीत नाही ते कंपनीवर बंधनकारक नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने रंगराज खटल्यात म्हटलं आहे. तयार नमुन्याची नियमावली तशीच दाखल करताना नेमकं हेच राहून जातं. ‘सोडल्यावर तेलाचा धंदा करणार नाही’ या अटीवर मात्र विसंबू नका. 1872 च्या करार कायद्याचं कलम 27 अशी बंधनं बहुतांशी निरर्थक ठरवतं. त्यापेक्षा ब्रँड, लेबलांची चित्रं आणि गिऱ्हाइकांची यादी कंपनीच्या मालकीची करून घ्या.

तिसऱ्याने दोन वर्षांनी नोकरी सोडली तर काय, हेही आजच लिहा. त्याला 2,000 नवे शेअर द्यायचं ठरवा, भाव तेव्हाच्या मूल्यांकनाचा, आणि त्या शेअरची चार वर्षं त्या दिवसापासून मोजा. बाकी कोणी गेलं नसेल, तर 12,000 पैकी त्याचे 3,000 होतील, बरोबर 25 टक्के. विशेष ठराव तो तेव्हाही एकट्याने अडवू शकणार नाही, कारण विरोधी मतांच्या तिप्पट मतं बाजूने असली की ठराव मंजूर होतो. नवे शेअर 2,001 केले, तर अडवू शकेल.