कंटेनरमधली केळी वाटेत तापली, तर तक्रार कशी लिहावी आणि भरपाईची पद्धत कशी विचारावी

सावदा, रावेर, तांदलवाडीच्या पॅकहाऊसमधून आखाती देशांकडे निघालेला केळीचा कंटेनर आठ-दहा दिवसांनी परदेशात उघडतो. तेव्हाच खरेदीदाराचा फोटो येतो: दाराजवळचे बॉक्स पिवळे पडलेले. इकडे पहिला फोन ट्रान्सपोर्टवाल्याला जातो, बोलाचाली होते, तो "बघतो" म्हणतो आणि पंधरवडा निघून जातो. भरपाई बहुतेक वेळा त्याच पंधरवड्यात हातची जाते. म्हणून फोन जरूर करा, पण त्याच दिवशी लेखी कळवा. ते पत्र कसे तयार करायचे, ते एका उदाहरणावरून पाहू.

समजा, १२ मेच्या संध्याकाळी ६ वाजता सावद्याहून ४० फुटी रीफर कंटेनर न्हावा शेवाकडे निघाला. आत १३ किलोचे १,५४० बॉक्स आहेत, तापमान १३.५ अंशांवर लावलेले आहे. रस्त्यावर कंटेनरला वीज मिळते ती ट्रेलरवर बसवलेल्या जनसेटमधून. २४ मे रोजी तिकडे कंटेनर उघडला, तर दाराकडचे २१२ बॉक्स रंगावर आलेले निघाले.

आधी माल जागेवर थांबवा

खरेदीदाराला लगेच सांगा की खराब बॉक्स वेगळे ठेवा, पण फेकू नका. दार उघडताना, मधल्या रांगा काढताना आणि शेवटी आतल्या भिंतीजवळ असे फोटो हवेत. सीलचा नंबर आणि कंटेनरच्या डिस्प्लेवरचे तापमानही फोटोत यायला हवे. डिलिव्हरीच्या कागदावर "माल ठीक मिळाला" अशी कोरी सही करू नये, तिथेच शेरा लिहावा: "दाराकडील बॉक्समध्ये फळ पिकलेले, तपासणी बाकी."

नुसत्या फोटोंवर मात्र थांबू नका. खरेदीदाराला फळात टोचायचा थर्मामीटर वापरायला लावा. दाराजवळ, मध्ये आणि आत अशा तिन्ही ठिकाणच्या दोन-दोन बॉक्समधल्या फळाचे गराचे तापमान वेळेसह लिहून घ्या. हवेचे तापमान आणि गराचे तापमान यांत फरक असतो. हवा पटकन तापते. वीस टन फळ मात्र हळूहळू तापते आणि एकदा तापले की हळूहळूच थंड होते.

दोन नोंदी एकमेकींशी जुळवा

आता आपल्याकडे दोन साक्षीदार आहेत. एक म्हणजे बॉक्समध्ये ठेवलेला छोटा डेटा लॉगर. दुसरा म्हणजे कंटेनरच्या यंत्राची स्वतःची नोंद. ती डाउनलोड करून द्या, असे शिपिंग लाइनला लेखी मागावे लागते, आपणहून ती कोणी पाठवत नाही.

आपल्या उदाहरणात लॉगर दाराजवळ चौथ्या रांगेत होता. त्यावर १२ मेच्या रात्री साडेअकरापर्यंत १३.९ अंश दिसतात. नंतर रेषा चढायला लागते आणि दुसऱ्या दिवशी दुपारी १ च्या सुमारास १९.२ वर पोचते. पुढे ती उतरते. यंत्राच्या नोंदीत मात्र लिहिले आहे: वीज बंद १८:१०, वीज सुरू ०७:३५.

घाईत वाचणारा म्हणेल की वीज संध्याकाळी ६ वाजून १० मिनिटांनीच बंद झाली होती, म्हणजे कंटेनर पॅकहाऊसच्या फाटकातून बाहेर पडतानाच. ट्रान्सपोर्टवाला हेच धरून बसेल: "जनसेट तुमच्याच माणसांनी नीट सुरू करून दिला नाही." पण यंत्राचे घड्याळ यूटीसीत, म्हणजे ग्रीनिच वेळेत चालते. आपली वेळ त्यापेक्षा साडेपाच तास पुढे. साडेपाच मिळवले की वीज बंद झाली ती रात्री ११.४० ला आणि परत आली ती १३ मेच्या दुपारी १.०५ ला. आता लॉगरची रेषा या नोंदीशी तंतोतंत जुळते. रात्री ११.४० ला ट्रक धुळ्याच्या पुढे मुंबई-आग्रा रस्त्यावर असल्याचे जीपीएस सांगतो. दुपारी १.०५ म्हणजे बंदरात कंटेनर प्लगला लागल्याची वेळ. १३ तास २५ मिनिटे यंत्र बंद होते, आणि ते सगळे रस्त्यावर.

तक्रार कोणाच्या नावे जाणार, हे याच साडेपाच तासांच्या हिशेबावर ठरते. म्हणून लॉगर कोणत्या वेळेत नोंद करतो, हेही त्याच्या सेटिंगमध्ये आधी बघून घ्या.

नोंदीतला प्रत्येक उंचवटा बिघाड नसतो. यंत्र मधूनमधून स्वतःवरचा बर्फ वितळवते, तेव्हा परतीच्या हवेचा आकडा अर्धा तास वगैरे वर उडतो आणि खाली येतो. तेवढ्यावरून तक्रार केली, तर खरी तक्रारही हलकी पडते. आणि लॉगरवर १९.२ दिसले म्हणून "माल १९.२ अंशांवर गेला" असे लिहू नका. "दाराजवळील हवेचे तापमान १९.२ पर्यंत गेले" एवढेच लिहा. सर्वेक्षक हा फरक लगेच पकडतो.

उलटा प्रकारही होतो. केळी १३ अंशांच्या खाली फार वेळ राहिली तर साल आतून तपकिरी रेघांनी डागाळते आणि पिकल्यावर फळ करडे, निस्तेज दिसते. ही इजा कंटेनर उघडताना बहुधा दिसत नाही, पिकवण कक्षात गेल्यावर दिसते. अशा वेळी फळ हिरवे असतानाच नोंद मागवून ठेवावी.

पत्र कोणाला?

बंदरापर्यंतची वाहतूक शिपिंग लाइनने स्वतःच्या बिलात घेतली होती, की ट्रेलर तुम्ही ठरवला होता, ते कागदात बघा. लाइनने घेतली असेल तर तक्रार लाइनकडे. ट्रेलर तुमचा असेल तर ज्याच्या नावाची बिल्टी आहे त्या वाहतूकदाराकडे, आणि एक प्रत लाइनला. विमा असेल तर विमा कंपनीलाही त्याच दिवशी. सौदा एफओबी असेल तर माल जहाजावर चढेपर्यंतची जोखीम तुमची असते, तेव्हा रस्त्यावरचे नुकसान खरेदीदाराच्या विम्यावर ढकलता येत नाही.

मुदती दोन वेगवेगळ्या आहेत. रस्त्यावरच्या वाहतूकदाराला बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत लेखी नोटीस गेली नाही, तर रस्ते मालवाहतूक कायदा, २००७ नुसार पुढे दावाच लावता येत नाही. बुकिंग १२ मेचे असेल तर ही मुदत ८ नोव्हेंबरला संपते. समुद्रातल्या नुकसानीची सूचना मात्र माल ताब्यात घेतानाच द्यायची असते, आणि नुकसान वरून दिसत नसेल तर ३ दिवसांत. अशा नुकसानीसाठी कोर्टात जायची मुदत एक वर्ष. वीज नेमकी कुठे गेली हे पहिल्या दिवशी पक्के नसते, म्हणून कमी मुदत पाळून दोघांनाही लिहा.

पत्राचा मजकूर

पत्राची दोन कामे आहेत: घडलेले कळवणे आणि पुढची पद्धत विचारणे. रागाचे एकही वाक्य त्यात नको. वाहतूकदाराला पाठवायचा नमुना असा:

> मा. व्यवस्थापक,
> विषय: बिल्टी क्र. … , कंटेनर क्र. … , तापमानातील बिघाडाची सूचना व भरपाईच्या पद्धतीबाबत विचारणा
>
> १२ मे रोजी सावदा येथून आपल्याकडे दिलेल्या वरील कंटेनरमध्ये १,५४० बॉक्स हिरवी केळी होती. भरताना गराचे तापमान १४ अंश होते, कंटेनर १३.५ अंशांवर लावला होता व जनसेट सुरू होता (भरणीचा अहवाल सोबत).
>
> कंटेनरच्या नोंदीनुसार १२ मे रात्री ११.४० ते १३ मे दुपारी १.०५ (भारतीय वेळ) वीजपुरवठा बंद होता. दाराजवळील हवेचे तापमान १९.२ अंशांपर्यंत गेले. २४ मे रोजी कंटेनर उघडला असता २१२ बॉक्समधील फळ पिकलेले आढळले. नुकसानीचा अंतिम आकडा सर्वेक्षणानंतर कळवू. हे पत्र नुकसानीची लेखी सूचना समजावे.
>
> कृपया लेखी कळवावे:
> १. दाव्यासाठी ठरावीक अर्ज व कागदपत्रे कोणती, आणि ती कोणाकडे द्यायची?
> २. आपण सर्वेक्षक पाठवणार का, की आम्ही नेमलेल्याचा अहवाल मान्य राहील?
> ३. जनसेटची डिझेल व दुरुस्तीची नोंद, तसेच ट्रकचा जीपीएस तपशील कधी मिळेल?
> ४. माल नाशवंत असल्याने ४८ तासांत मिळेल त्या भावाने विकत आहोत. तत्पूर्वी पाहणी करायची असल्यास कळवावे.

चौथा मुद्दा विसरू नका. उरलेला माल वाचवण्याचा प्रयत्न करणे हे तुमचे काम मानले जाते. पण न कळवता विकला तर "आम्हाला बघूच दिला नाही" असा आक्षेप येतो. पत्र ईमेलने आणि स्पीड पोस्टाने असे दोन्ही मार्गांनी जाऊ द्या. लाइनला हाच मजकूर इंग्रजीत पाठवा आणि वेळा यूटीसी व भारतीय अशा दोन्ही लिहा.

आकडा किती मागावा

समजा बिलात बॉक्सचा भाव ४५० रुपये आहे. २१२ बॉक्सचे ९५,४०० रुपये झाले. पिकलेला माल बॉक्समागे ११० ने गेला, म्हणजे २३,३२० परत आले. दावा ७२,०८० रुपयांचा, त्यात सर्वेक्षणाची पावती वेगळी जोडायची. विक्रीची पावती आणि फेकलेल्या मालाचा दाखला जोडल्याशिवाय हा हिशेब उभा राहत नाही. वाहतूकदाराची जबाबदारी जास्त जोखमीचा दर भरला नसेल तर साधारण भाड्याच्या दहापटीपर्यंतच असते. भाडे ६२,००० असेल तर मर्यादा ६,२०,००० ची, म्हणून इथे अडत नाही. सगळा कंटेनर गेला असता, तर अडले असते.

समोरून येणारे उत्तर बहुधा असे असते: "उन्हाळ्यातली केळी, जास्त भरलेली कापली, म्हणून पिकली." हा आक्षेप पोकळ नसतो, मे महिन्यात फळ लवकर भरते. त्याला उत्तर म्हणजे कापणीच्या दिवशी मोजलेली फळाची जाडी, आणि त्याच बागेतला त्याच दिवशीचा दुसरा कंटेनर हिरवा पोचल्याचा पुरावा. आतल्या भिंतीजवळचे बॉक्स हिरवे आणि दाराकडचेच पिवळे, ही मांडणीही तुमच्या बाजूने बोलते.

विमा कंपनीला विचारायचा प्रश्न एकच, पण तो नेमका विचारा: यंत्र बंद पडण्याची किमान वेळेची अट आहे का? थंड मालाच्या बऱ्याच पॉलिसींत यंत्र सलग २४ तास बंद असेल तरच भरपाई मिळते. आपले यंत्र १३ तास २५ मिनिटे बंद होते, म्हणजे अशी अट असेल तर विम्यातून काही येणार नाही आणि वाहतूकदारावरचा दावा हाच मार्ग उरतो. तशी अट नसली तरी वाहतूकदाराला नोटीस पाठवावीच लागते. पैसे दिल्यावर विमा कंपनी ते वाहतूकदाराकडून वसूल करायला जाते, आणि तुम्ही तो हक्क घालवला असेल तर तुमचाच दावा अडवते. याच कारणाने, वाहतूकदाराने थोडी रक्कम पुढे करून "पूर्ण व अंतिम" अशा कागदावर सही मागितली, तर विमा कंपनीची लेखी संमती हातात येईपर्यंत सही करू नका.