चारच रीडिंग आणि ± चा आकडा: या चुका टाळा

खानापूर तालुक्यातल्या एका घरची बोअर. डाळ लवकर शिजत नाही, गिझरच्या कॉइलवर पांढरा थर बसतो. म्हणून त्या घरच्या मुलीनं बाटलीभर पाणी बेळगावला कॉलेजच्या लॅबमध्ये आणलं आणि कठीणपणा काढला. दर वेळी ५० मिली पाणी, त्यात अमोनिया बफर, चिमूटभर एरिओक्रोम ब्लॅक टी, आणि ब्युरेटमध्ये ०.०१ मोलर ईडीटीए. दारूसारखा लाल रंग जाऊन स्वच्छ निळा आला की थांबायचं. चार वेळा केल्यावर ब्युरेटवर ९.६, ९.८, ९.७ आणि १०.० मिली आले. या मापात १ मिली म्हणजे लिटरला २० मिलिग्रॅम, म्हणून कठीणपणा १९२, १९६, १९४ आणि २००. सरासरी १९५.५.

जर्नलमध्ये तिनं लिहिलं: १९५.५ ± २.९. "सर, वरचं टोक १९८.४ येतंय, म्हणजे दोनशेच्या आत आहे की." पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस १०५००) एकूण कठीणपणाची स्वीकार्य मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे, म्हणून तिला हा आकडा महत्त्वाचा वाटला. पण तो २.९ चुकीचा आहे, आणि त्यात एक नाही, दोन चुका आहेत.

२.९ आला कुठून?

पहिली चूक शीटमधल्या फंक्शनची. तिनं प्रमाण विचलन `STDEV.P` नं काढलं. ते फंक्शन धरून चालतं की हे चार आकडे म्हणजेच सगळं, यापलीकडे मोजायचं काही नाही. त्यामुळे ते सरासरीपासूनच्या फरकांच्या वर्गांच्या बेरजेला ४ नं भागतं. आपले चार आकडे मात्र नमुना आहेत, आणि सरासरीही त्यांच्यातूनच काढली आहे. म्हणून ३ नं भागायचं, म्हणजे `STDEV.S`. वर्गांची बेरीज ३५. ती ४ नं भागून वर्गमूळ काढलं तर २.९६ येतं, ३ नं भागलं तर ३.४२. पन्नास रीडिंग असती तर हा फरक कुणाला दिसलाही नसता.

दुसरी चूक मोठी. प्रमाण विचलनाला √४ नं भागून तिनं १.९६ नं गुणलं, कारण ९५ टक्के म्हटलं की हाताला १.९६ च येतं. हा आकडा खरा ठरतो तो खरं प्रमाण विचलन माहीत असेल तेव्हा. आपल्याकडे आहे तो फक्त चार आकड्यांवरून बांधलेला अंदाज, आणि तो किती डळमळीत असतो हे पाहण्यासारखं आहे. चार रीडिंगवरून ३.४ आलं असेल, तर खरं विचलन १.९ पासून थेट १२.७ पर्यंत कुठंही असू शकतं (९५ टक्के विश्वासानं). या अनिश्चिततेची किंमत सरासरीच्या कॉन्फिडन्स इंटरव्हलमध्ये, म्हणजे ± नं ठरणाऱ्या अंतरात, धरावी लागते, आणि ती t वितरण धरतं. डब्लिनच्या गिनेस दारूभट्टीत काम करणाऱ्या गॉसेटनं १९०८ साली 'स्टुडंट' या टोपणनावानं हेच कोडं सोडवलं. त्याच्याकडेही नमुने थोडेच असायचे.

दोन्ही चुका एकत्र झाल्या की '९५ टक्के' म्हणून लिहिलेलं अंतर प्रत्यक्षात साधारण ८१ टक्के वेळाच खरा आकडा पकडतं. फंक्शन बरोबर घेतलं आणि फक्त १.९६ ठेवला तरी सुमारे ८५.

बरोबर हिशेब असा. कठीणपणाचे चार आकडे `A2` ते `A5` मध्ये आहेत:

```
=AVERAGE(A2:A5)
=STDEV.S(A2:A5)
=T.INV.2T(0.05,3)*STDEV.S(A2:A5)/SQRT(4)
```

उत्तरं अनुक्रमे १९५.५, ३.४२ आणि ५.४. शेवटच्या ओळीतला ३ म्हणजे चार रीडिंगमधून एक वजा, डिग्रीज ऑफ फ्रीडम. त्यासाठी t चा आकडा ३.१८२. अंतर १९०.१ ते २००.९. दोनशेची रेघ आता अंतराच्या आत आली. म्हणजे "मर्यादेच्या आत आहे" हे छातीठोकपणे म्हणता येत नाही. वरचं सगळं एका फंक्शननं करायचं तर `CONFIDENCE.T` वापरा. शेजारीच दिसणारं `CONFIDENCE.NORM` १.९६ च्या वाटेनं जातं आणि ३.३ देतं.

तक्त्याची चुकीची बाजू

कुणी t तर वापरतं, पण `T.INV(0.95,3)` टाकतं. उत्तर येतं २.३५३, आणि ± होतो ४.०. हे फंक्शन एकाच बाजूची शेपटी बघतं, म्हणून दोन्ही बाजूंना ± लावल्यावर ते ९० टक्क्यांचं अंतर होतं. छापील तक्त्यातही हाच गोंधळ होतो: वरच्या ओळीत ०.०२५ लिहिलंय की ०.०५, आणि ते एका बाजूचं की दोन्ही बाजूंचं, हे आधी वाचावं. खूण सोपी आहे: चार रीडिंग आणि ९५ टक्के म्हटल्यावर ३.१८ दिसलं पाहिजे. तीन रीडिंगना ४.३०, पाचांना २.७८. दोनच रीडिंग असतील तर १२.७१, म्हणजे दोनांवर अंतर लिहूच नये हे तक्ताच सांगतो.

इथं एक प्रामाणिक शंका निघते. आपला प्रश्नच मुळात "दोनशेच्या खाली आहे का" असा असेल, तर एकाच बाजूची मर्यादा का नको? चालेल. मग ± न लिहिता "९५ टक्के विश्वासानं १९९.५ पेक्षा कमी" असं लिहावं लागेल. पण ते रीडिंग घेण्याआधी ठरलेलं असायला हवं. दोन्ही करून बघायचं आणि सोयीचं उत्तर ठेवायचं, याला हिशेब म्हणत नाहीत.

कॉन्कॉर्डंट रीडिंगची सवय

आपल्याकडच्या लॅबमध्ये बारावीपासून शिकवतात की दोन रीडिंग जुळेपर्यंत टायट्रेशन करा आणि जुळलेलं लिहा. हात बसवायला ही सवय ठीक. कॉन्फिडन्स इंटरव्हलसाठी ती घातक. ९.७ आणि ९.८ ठेवून बाकीची खोडली, तर पसरट भाग आपणच कापून टाकला, आणि मग प्रमाण विचलनाला काही अर्थ राहत नाही. दोन्ही ९.७ लिहिली तर विचलन शून्य, अंतरही शून्य. ब्युरेटच्या ०.१ मिलीच्या रेघा लिटरला २ मिलिग्रॅमच्या असताना शून्य कसं येईल? पहिलं अंदाजाचं रीडिंग वगळायचं तर ते वेगळं ठरवून वगळा. नंतरची सगळी ठेवा, आणि घेतलेल्या क्रमानं लिहा. क्रमानं आकडे चढतच गेले, तर बफर घातल्यावर पाणी किती वेळ तसंच ठेवलं, निळा रंग दर वेळी तोच होता का, हे आधी तपासा. अशा चढत्या आकड्यांवर t लावून उपयोग नाही.

चार वेळा काय मोजलं?

चारही टायट्रेशन एकाच बाटलीतली. म्हणून ± ५.४ सांगतो तो फक्त हाताचा आणि ब्युरेटचा विखुरलेपणा. बोअर पावसाळ्यात आणि मे महिन्यात किती बदलते, हे त्यात नाही. ईडीटीए ०.०१ ऐवजी ०.०१०२ मोलर असेल, तर चारही आकडे एकदम दोन टक्क्यांनी वर जातील, सरासरी १९९.४ होईल, आणि कुठलाही t ते पकडणार नाही. त्यासाठी ईडीटीए प्रमाणित करून घ्यावंच लागतं.

बोअरबद्दल बोलायचं असेल तर वेगवेगळ्या दिवशी भरलेल्या बाटल्या लागतात. चार बाटल्यांची प्रत्येकी दोन टायट्रेशन केली, तर आठ आकडे हातात येतात, पण n आठ होत नाही. आधी प्रत्येक बाटलीची सरासरी काढायची, मग त्या चार सरासऱ्यांवर t लावायचा, तीन डिग्रीज ऑफ फ्रीडम धरून. जर्नलमध्ये ओळ अशी यावी: "एकूण कठीणपणा (कॅल्शियम कार्बोनेट म्हणून) १९५.५ ± ५.४ मिग्रॅ/लि, ९५ टक्के, t वितरण, n = ४, एकाच बाटलीतली टायट्रेशन."