अमोनिया संश्लेषणावर निबंध लिहिताय? वेग आणि समतोलाच्या या चुका टाळा

अमोनियावरच्या निबंधांत एक वाक्य हमखास सापडतं: “कमी तापमानाला उतारा जास्त पण वेग कमी, जास्त तापमानाला वेग जास्त पण उतारा कमी, म्हणून मधलं ४५० अंश तापमान वापरतात.” वाक्य खोटं नाही. पण ४५०च का, ४०० किंवा ५०० का नाही, याचं उत्तर त्यात नाही, आणि निबंधाचा खरा विषय तर तोच आहे. हे वाक्य लिहून पुढे सरकणाऱ्यांच्या हातून पुढच्या चुका होतात. खाली सगळीकडे तापमान सेल्सिअसमध्ये आहे आणि मिश्रण एक भाग नायट्रोजनला तीन भाग हायड्रोजन असं धरलं आहे.

“तापवलं की पुढची अभिक्रिया मंदावते”

N₂ + 3H₂ ⇌ 2NH₃ ही अभिक्रिया उष्मादायी आहे. दोन मोल अमोनिया तयार होताना सुमारे ९२ किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. यावरून अनेक जण असं लिहितात की तापमान वाढवल्यावर पुढची अभिक्रिया हळू होते. तसं होत नाही. तापमान वाढलं की पुढची आणि उलटी, दोन्ही अभिक्रिया वेगाने होतात. उलट्या अभिक्रियेला जास्त सक्रियण ऊर्जा लागते, म्हणून तिचा वेग जास्त पटींनी वाढतो आणि समतोल अमोनियाच्या विरुद्ध बाजूला सरकतो. ल शातेलिएचं तत्त्व समतोल कुठे जाईल एवढंच सांगतं, तिथे पोहोचायला किती वेळ लागेल हे सांगत नाही. तुमच्या परिच्छेदात “ल शातेलिएच्या तत्त्वानुसार वेग...” अशी सुरुवात दिसली, तर ते वाक्य तिथेच तपासा.

२५ अंशांना समतोल जवळजवळ पूर्णपणे अमोनियाच्या बाजूला असतो, तरीही नायट्रोजन आणि हायड्रोजनचं मिश्रण वर्षानुवर्षं तसंच पडून राहतं. अडचण नायट्रोजनच्या तिहेरी बंधाची आहे. तो तोडायला मोलमागे सुमारे ९४५ किलोज्यूल लागतात. लोखंडाच्या पृष्ठभागावरसुद्धा नायट्रोजनचा रेणू फुटणं हीच सगळ्यांत संथ पायरी असते. गेरहार्ड एर्टल यांना २००७ साली ज्या संशोधनासाठी नोबेल मिळालं, त्यात या पायरीचा उलगडा हा मोठा भाग होता.

“कन्व्हर्टरमध्ये तापमान ४५० अंश असतं”

ही चूक सगळ्यांत महागात पडते. कन्व्हर्टर म्हणजे उत्प्रेरक भरलेलं, ही अभिक्रिया जिथे घडते ते पात्र, आणि त्यात कुठलंही एक तापमान नसतं. उत्प्रेरकाच्या थरातून वायू पुढे सरकतो तशी अभिक्रियेची उष्णता त्याच वायूला तापवत जाते. मिश्रणात अमोनिया एक टक्क्याने वाढला की तापमान साधारण १५ अंशांनी चढतं. एवढा एक आकडा हाताशी असला तरी पुष्कळ काही कळतं.

दाब २०० ॲटमॉस्फिअर धरू. या दाबाला समतोलातला अमोनिया ४०० अंशांना सुमारे ३९ टक्के, ४५० ला २७, ५०० ला १८ आणि ५५० ला १२ टक्क्यांच्या आसपास असतो. आता ४०० अंशांचा, ३ टक्के अमोनिया असलेला वायू पहिल्या थरात सोडा. ५०० अंशांना पोहोचेपर्यंत अमोनिया जेमतेम १० टक्के झालेला असतो आणि मर्यादा १८ टक्के असते, म्हणजे अजून वाव आहे. पण वायू पुढे सरकताना अमोनिया वर चढतो आणि मर्यादा खाली येते. ५४० अंशांच्या आसपास दोन्ही १२-१३ टक्क्यांवर एकमेकांना भेटतात. तिथून पुढे कितीही उत्प्रेरक भरला तरी काही हाती लागत नाही. एवढ्या तापमानाला लोखंडी उत्प्रेरकाचे कण एकत्र येऊन पृष्ठभाग घटायला लागतो, म्हणून प्रत्यक्षात त्याआधीच थांबतात.

म्हणूनच कन्व्हर्टरमध्ये दोन-तीन किंवा जास्त थर असतात आणि दोन थरांमध्ये वायू थंड केला जातो. त्यासाठी कुठे हीट एक्स्चेंजर वापरतात, तर कुठे मध्येच थंड ताजा वायू मिसळतात. वरच्याच हिशोबात हीट एक्स्चेंजरने वायू पुन्हा ४०० अंशांवर आणला, तर दुसऱ्या थराअखेर अमोनिया १८-१९ टक्क्यांवर जातो आणि तिसऱ्या थराअखेर २३ च्या आसपास. हे समतोलाला टेकल्यावरचे आकडे आहेत. खरा कन्व्हर्टर थोडा अलीकडेच थांबतो.

“वेग हवा असेल तर तापवा” या सल्ल्याची मर्यादाही इथेच दिसते. मिश्रणात १५ टक्के अमोनिया असेल, तर २०० ॲटमॉस्फिअरला साधारण ५२५ अंशांना ते समतोलात असतं. त्या तापमानाला दोन्ही बाजूंच्या अभिक्रिया जोरात चालू असतात, पण निव्वळ वेग शून्य असतो. त्याच मिश्रणाचं तापमान थोडं कमी केलं तर निव्वळ वेग वाढतो, फारच कमी केलं तर पुन्हा घटतो. म्हणजे अमोनियाच्या प्रत्येक प्रमाणाला निव्वळ वेगाचं स्वतःचं सर्वोत्तम तापमान असतं, आणि अमोनिया वाढत जातो तसं ते खाली सरकतं. सुरुवातीला गरम आणि शेवटी थंड, असा उतरता क्रम हवा असतो. एकच थर मोकळा सोडला तर नेमकं उलटं घडतं. थरांमधलं थंडीकरण ही त्यावरची तडजोड आहे. माझ्या मते निबंधात एकच आकृती काढायची असेल तर हीच काढावी: आडव्या अक्षावर तापमान, उभ्या अक्षावर अमोनिया, समतोलाची उतरती रेघ आणि तिच्या दिशेने जाणाऱ्या तिरक्या चढत्या रेघा.

याच आकृतीवर एक चाचणी घेता येते. पहिल्या थरात वायू ४०० ऐवजी ४५० अंशांनी सोडला तर काय होईल? सुरुवातीचा वेग वाढेल, पण समतोलाची रेघ साडेदहा टक्क्यांच्या आसपासच गाठली जाईल. उलट फार थंड वायू सोडला तर उत्प्रेरक पेटच घेणार नाही. आत येणारा वायू बाहेर पडणाऱ्या गरम वायूवरच तापवला जात असेल, तर अभिक्रिया मंदावली की वायू आणखी थंड येतो आणि बघता बघता कन्व्हर्टर विझतो. मग हीटर लावून पुन्हा सुरुवात करावी लागते.

“उत्प्रेरकामुळे उतारा वाढतो”

समतोलाचा उतारा उत्प्रेरकाने तसूभरही बदलत नाही. पण इथेच थांबलं तर अर्धंच सांगितल्यासारखं होतं, कारण चांगल्या उत्प्रेरकाने कारखान्याचा फायदा होतो हेही खरंच आहे. तो फायदा तापमानाच्या वाटेने येतो. ५०० अंश आणि ३०० ॲटमॉस्फिअरला समतोलातला अमोनिया सुमारे २६ टक्के असतो. ४०० अंशांना जवळजवळ तेवढाच, म्हणजे २५ टक्के, अमोनिया फक्त १०० ॲटमॉस्फिअरला मिळतो. ४०० अंशांना पुरेसा वेग देणारा उत्प्रेरक हाती असेल, तर तेवढ्याच उताऱ्यासाठी एक तृतीयांश दाब पुरतो. मॅग्नेटाइट वितळवून त्यात ॲल्युमिना, पोटॅश आणि चुना घातलेला लोखंडी उत्प्रेरक शंभर वर्षांहून जास्त काळ टिकून आहे. रुथेनियमवर आधारलेले उत्प्रेरक आले ते याच हिशोबासाठी, कमी दाबावर काम भागावं म्हणून.

दाबाबद्दल थोडक्यात. “दाबाच्या बाबतीतही वेग आणि उतारा यांच्यात तडजोड करावी लागते” असं लिहू नका. चार मोल वायूपासून दोन मोल होतात, म्हणून दाब वाढला की उतारा वाढतो, आणि वेगही वाढतो. इथे तडजोड आहे ती कॉम्प्रेसरला लागणाऱ्या ऊर्जेशी आणि जाड पोलादाच्या खर्चाशी.

“अमोनिया काढून घेतल्यामुळे कन्व्हर्टरमधला समतोल पुढे सरकतो”

पुस्तकी उत्तर म्हणून हे छान वाटतं, पण अमोनिया कन्व्हर्टरमधून काढलाच जात नाही. वायू आधी बाहेर पडतो, मग थंड होतो, मग अमोनिया द्रवरूपात वेगळा होतो. तिथे उत्प्रेरक नसतो आणि तापमानही कमी असतं. अभिक्रिया जिथल्या तिथे थांबलेली असते, त्यामुळे सरकायला समतोलच नसतो. उरलेला वायू ताज्या वायूबरोबर पुन्हा कन्व्हर्टरमध्ये जातो, तेव्हा त्यात अमोनिया कमी असतो, म्हणून पुन्हा अभिक्रियेला वाव मिळतो. जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रिट्झ हाबरने १९०९ साली कार्ल्सरूहेच्या प्रयोगशाळेत ऑस्मियमचा उत्प्रेरक वापरून दाखवलेल्या यंत्रातही वायू असाच फिरत होता, कारण एका फेरीत अमोनिया दहा टक्क्यांच्याही आत मिळत होता. फिरवण्याची ही कल्पना नसती तर १९१३ चा जर्मनीतल्या ओपाऊचा अमोनिया कारखाना उभा राहणं कठीण होतं.

याचा वेग आणि उताऱ्याशी थेट संबंध आहे. न वापरलेला वायू वाया जात नसेल, तर एका फेरीतल्या उताऱ्याला फार जपायची गरज उरत नाही. समतोलाला अगदी टेकेपर्यंत थांबलं तर शेवटच्या एक-दोन टक्क्यांसाठी उत्प्रेरकाचा फार मोठा साठा लागतो. त्यापेक्षा अलीकडे थांबून वायू पुन्हा फिरवणं परवडतं. फक्त ताज्या वायूबरोबर आलेले आर्गॉन आणि मिथेन फेऱ्यांमध्ये साठत जातात आणि नायट्रोजन-हायड्रोजनचा आंशिक दाब खातात, म्हणून थोडा वायू सतत बाहेर सोडावा लागतो. कन्व्हर्टरमधला एकूण दाब तोच असताना अमोनिया घटत असेल, तर संशय आधी यांच्यावर घ्यावा.

टक्के कशाचे, ते लिहा

४५० अंश आणि २०० ॲटमॉस्फिअरला “उतारा २७ टक्के” असं लिहिलेलं दिसतं. ते २७ टक्के मिश्रणातल्या अमोनियाचं प्रमाण आहे, वापरल्या गेलेल्या नायट्रोजनचं नव्हे. एक मोल नायट्रोजन आणि तीन मोल हायड्रोजन घ्या. त्यातला ०.४३ मोल नायट्रोजन वापरला गेला तर उरतात ०.५७ मोल नायट्रोजन आणि १.७१ मोल हायड्रोजन, आणि तयार होतो ०.८६ मोल अमोनिया. एकूण ३.१४ मोल; त्यात अमोनिया २७ टक्के. म्हणजे रूपांतर ४३ टक्के आणि प्रमाण २७ टक्के, आणि दोन्ही आकडे बरोबर. एका स्रोतातला पहिला आणि दुसऱ्यातला दुसरा आकडा घेऊन तुलना केली, की निबंधातला तक्ता कोलमडतो.

हा आकडा तुम्ही स्वतः Kp, म्हणजे आंशिक दाबांवरून मांडलेल्या समतोल स्थिरांकावरून काढलात आणि २७ ऐवजी साडेचोवीसच्या आसपास आला, तर गणित चुकलं असं लगेच धरू नका. कमी दाबाला मोजलेला Kp घेऊन वायू आदर्श धरले की २०० ॲटमॉस्फिअरला उत्तर एवढं कमी येतंच. वायू आदर्श धरले आहेत हे तिथेच लिहा, किंवा दाबानुसार दुरुस्त केलेली किंमत वापरा.