आई, चार्जिंगच्या या चुका टाळ

आई, परवा तुझा फोन चार्जिंगला लावलेला पाहिला. चष्म्याच्या डबीवर तिरका टेकवलेला आणि केबल वाकवून डबीखाली दाबलेली. "अशीच धरली तर चार्ज होतं, नाहीतर नाही," असं तू म्हणालीस. जुगाड चालतंय खरं, पण पहिली चूक तीच. केबल अमुक एका बाजूला वाकवून धरावी लागते म्हणजे जोडणी कुठेतरी सैल झाली आहे, आणि सैल जोडणी तापते.

दोष फोनमध्ये आहे की केबलमध्ये, हे कळायला अदलाबदल करून बघायची. तुझी केबल माझ्या फोनला लावली, तर व्यवस्थित चार्जिंग सुरू झालं. माझी केबल तुझ्या फोनला लावली, तर पुन्हा तेच नखरे. म्हणजे केबल निर्दोष. मग तुझ्या फोनच्या चार्जिंगच्या भोकात टॉर्च मारला. तळाशी राखाडी रंगाचा कापसासारखा थर बसला होता. फोन पर्समध्ये रुमालाबरोबर असतो ना, त्यातला धुरळा आणि धागे आत जातात. मग रोज पिन लावताना आपणच ते ठासून बसवतो. त्यामुळे तुझी पिन पूर्ण आत जातच नव्हती, कडेला धातूची बारीक पट्टी उघडी दिसत होती.

साफ करायला मी फोन आधी पूर्ण बंद केला आणि लाकडी टूथपिक घेतली. टाइप-सी भोकात मधोमध एक पातळ जीभ असते, तिला धक्का न लावता कडेकडेने मळ अलगद बाहेर ओढायचा. थोडा थोडा करत मुगाच्या दाण्याएवढा गोळा निघाला! नंतर पिन लावली तेव्हा हाताला 'टक्' जाणवलं आणि फोन सरळ ठेवूनही चार्ज होऊ लागला. तू मात्र सेफ्टी पिन किंवा सुई घालू नकोस, आतले संपर्क वाकतात आणि शॉर्टही होऊ शकतं. तोंडाने फुंकरही नको, वाफेचा ओलावा आत जातो. हात थरथरत असेल तर तसाच ठेव, मी आले की करते.

तुझ्या बिछान्याशेजारची दुसरी केबल मात्र खरंच खराब आहे. पिनेला लागून जिथे वायर सुरू होते, तिला मी मान म्हणते. तिथलं आवरण फाटलंय आणि तू त्यावर चिकटपट्टी गुंडाळली आहेस. पट्टीने फाटलेलं झाकलं जातं, आतल्या तुटलेल्या तारा जुळत नाहीत. उरलेल्या मोजक्या तारांमधून सगळी वीज जाते आणि ती जागा गरम होते. ओळखायची खूण अशी: चार्जिंग चालू असताना मानेजवळ केबल हलकेच हलवली आणि पडद्यावरची चार्जिंगची खूण जाऊन-येऊन झाली, की केबल टाकून द्यायची. ही मान तुटते दोन सवयींमुळे. एक म्हणजे वायर धरून ओढणं. पिनेचा जाड भाग चिमटीत धरून सरळ ओढत जा. दुसरी म्हणजे चार्जिंगला लावलेला फोन छातीवर टेकवून व्हिडिओ बघणं, तेव्हा सगळा भार त्या मानेवर येतो. गुंडाळून ठेवताना चार्जरभोवती आवळू नकोस, हाताच्या पंजाएवढं सैल वेटोळं पुरे.

रात्रभर चार्जिंगला ठेवलं तर बॅटरी फुटेल, ही तुझी भीती मनातून काढ. फोन भरला की तो स्वतःच वीज घेणं थांबवतो. अडचण उशीखाली ठेवण्याची आहे. बॅटरीला उष्णता सोसत नाही, आणि उशीखाली ती बाहेर पडायला वाटच नसते. उघड्या टेबलावर ठेव, जाड कव्हर असेल तर काढून ठेव. चार्ज होताना फोन कोमट लागणं ठीक आहे. हातात धरवत नाही इतका तापला, किंवा भिंतीतल्या प्लगला जळका वास आला, तर आधी भिंतीवरचं बटण बंद कर, मग बाकीचं बघू.

फोन सपाट टेबलावर पालथा-सुलटा ठेवून कधीतरी बघत जा. पूर्वी स्थिर बसणारा फोन आता डगमगत असेल, किंवा पडदा एका कडेने उचलला गेला असेल, तर बॅटरी फुगली आहे. तो दाबून बसवू नकोस, चार्जिंगला तर मुळीच लावू नकोस. बंद करून पलंगापासून, कपड्यांपासून लांब ठेव आणि मला फोन कर, अर्थात लँडलाइनवरून.

नवी केबल टेबलाच्या वरच्या खणात ठेवली आहे. पट्टीवाली मी बरोबर घेऊन जातेय, नाहीतर तू ती परत लावशील.