काउंटरचा आकडा रात्रीत बदलतो? चिप बदलण्याआधी या चुका टाळा

उद्यमबागेतला एक पॉवर प्रेस. दर दोन सेकंदांना एक नग, आठ तासांत 14,400. मोजणीला ATmega328P ही मायक्रोकंट्रोलर चिप, आणि प्रत्येक नगाला आकडा तिच्या EEPROM मध्ये, म्हणजे वीज गेली तरी आकडा जपणाऱ्या मेमरीत, शून्य पत्त्यावर. साडेतीन महिने सगळं सुरळीत. मग एका संध्याकाळी 15,36,000 वर मशीन बंद केलं, सकाळी आकडा 15,36,064. रात्रपाळी नव्हती. कामगारावर संशय घेऊन झाला, वायरिंग तपासून झालं, शेवटी चिप बदलली आणि प्रोग्राम तोच ठेवला. म्हणजे साडेतीन महिन्यांनी पुन्हा तेच.

फरक नेमका 64, इथेच शंका यायला हवी होती. 1, 2, 4 करत 128 पर्यंतच्या आकड्यांपैकी एखादाच फरक पडला, तर बहुधा एकच बिट उलटलेला असतो.

EEPROM असो की फ्लॅश, सेलच्या आत चारी बाजूंनी ऑक्साइडने वेढलेलं एक फ्लोटिंग गेट असतं. त्याला तार कुठूनच नाही. जास्त व्होल्टेज दिलं की इलेक्ट्रॉन सुमारे 10 नॅनोमीटरच्या ऑक्साइडमधून पार होऊन आत अडकतात. पुसताना त्याच वाटेने बाहेर. आत चार्ज किती, त्यावर ट्रान्झिस्टर किती व्होल्टला चालू होणार ते ठरतं, आणि तोच आपला 0 किंवा 1. पण प्रत्येक फेरीत ऑक्साइडला थोडी इजा होते. इजेच्या जागा वाढल्या की चार्ज त्यांच्यातून हळूहळू गळतो. म्हणून लिहून लगेच वाचलं तर सगळं बरोबर दिसतं. ती तपासणी इथे कुचकामी. बोर्ड दोन-तीन दिवस बंद ठेवून वाचा.

‘Arduino ची EEPROM.put ही आज्ञा वापरलीय, ती बदललेलाच बाइट लिहिते,’ हे उत्तर तर रोजचं. अहो, सर्वांत खालचा बाइट प्रत्येक नगाला बदलतोच! एका बाइटला लिहिण्याची हमी 1,00,000 वेळांची, म्हणजे या प्रेसवर सात दिवसांची. पुढचे तीन महिने नशिबाचे.

आकडा फिरता ठेवा. 1024 बाइटमध्ये चार-चार बाइटची 256 घरं बसतात. प्रत्येक नग पुढच्या घरात. एकूण 2.56 कोटी लेखनं, याच वेगाने जवळपास पाच वर्षं. चालू करताना सर्वांत मोठा आकडा धरायचा. कोऱ्या घरात 0xFFFFFFFF असतं, ते वगळा. लिहिता लिहिता करंट गेला तर घर अर्धवट राहतं, म्हणून मोठा आकडा मागच्या घरापेक्षा बरोबर एकने जास्त नसेल तर मागचाच खरा.

प्रोग्रामच्या फ्लॅशमध्ये आकडे ठेवू नका, तिची हमी 10,000 वेळांचीच. बोर्ड मोटारीला चिकटवू नका, उष्णतेने गळती वाढते.