पाहुण्यांसाठी घराची माहितीपुस्तिका लिहिताना या चुका टाळा

सुट्टीसाठी भाड्याने दिलेल्या घरात माहितीपुस्तिका कुणी पहिल्या पानापासून वाचत बसत नाही. दार उघडेना, गरम पाणी येईना, वायफाय जोडलं जाईना, असं काही अडलं की मगच ती उघडली जाते. पाहुणा तेव्हा दमलेला असतो, मोबाइलची बॅटरी संपत आलेली असते आणि त्याला एकाच प्रश्नाचं उत्तर हवं असतं. बहुतेक पुस्तिका मात्र स्वागताच्या मजकुराने सुरू होतात, मग नियमांची यादी येते आणि वायफायचा पासवर्ड कुठेतरी शेवटच्या पानांत दडलेला असतो. पाहुणा कंटाळून सरळ फोन करतो. एकच प्रश्न वेगवेगळे पाहुणे पुन्हा पुन्हा विचारत असतील, तर त्या जागी पुस्तिकेत काहीतरी राहून गेलंय असं खुशाल समजा.

दाराची माहिती दाराच्या आत ठेवणे

घरात कसं शिरायचं हे टेबलावरच्या पुस्तिकेत लिहून उपयोग नाही, हे सगळ्यांना कळतं. म्हणून बरेच जण घराचा नकाशावरचा पिन आणि किल्ली ठेवलेल्या लॉकबॉक्सचा कोड आदल्या दिवशी पाठवतात आणि निर्धास्त होतात. गडबड तिथेच होते. पत्ता टाइप करून मिळणारा पिन अनेकदा इमारतीच्या मधोमध किंवा मागच्या बाजूला पडतो आणि गाडी भलत्याच गल्लीत जाऊन थांबते. स्वतः फाटकासमोर उभं राहून नकाशावर बोट दाबून ठेवा, तिथे पडलेला पिन पाठवा. फाटकाचा फोटो दिवसा काढलेला असेल तर रात्रीचाही एक काढा, कारण उशिरा येणाऱ्यालाच फोटोची जास्त गरज असते. मजला लिहिताना 'तिसरा मजला' एवढ्यावर थांबू नका. काही देशांत तळमजल्यालाच पहिला मजला म्हणतात, त्यामुळे 'तळमजला सोडून तिसरा' असं स्पष्ट लिहिलं की पाहुणा दुसऱ्याच्या दारात किल्ली घालत बसत नाही.

लॉकबॉक्सचा कोड दिला, पण तो उघडायचा कसा हे सांगितलं नाही, ही चूक फार आढळते. फिरत्या आकड्यांच्या बऱ्याच लॉकबॉक्समध्ये आकडे जुळले तरी झाकण आपोआप उघडत नाही. शेजारचा खटका दाबून धरावा लागतो किंवा खाली ओढावा लागतो. शिवाय अशा अनेक पेट्यांच्या आत कोड बदलण्याची एक छोटी कळ असते. ती चुकून सरकली आणि पाहुण्याने आकडे विस्कटले की पेटीला नवाच कोड बसतो आणि तो कुणालाच ठाऊक नसतो. म्हणून संदेशात दोन वाक्यं हवीतच: 'आतली छोटी कळ हलवू नका' आणि 'किल्ली काढल्यावर झाकण लावून सगळे आकडे शून्यावर आणा'.

इलेक्ट्रॉनिक कुलूप असेल तर कोडनंतर कुठलं बटण दाबायचं तेही लिहा. लागोपाठ काही वेळा चुकीचा कोड टाकला की अशी बरीच कुलपं थोडा वेळ काहीच स्वीकारत नाहीत. पाहुणा घाबरून आणखी बटणं दाबत राहतो आणि प्रकरण लांबतं. 'दार प्रतिसाद देत नसेल तर पाच मिनिटं काहीही दाबू नका' हे वाक्य तुमचा रात्रीचा फोन वाचवू शकतं. हे सगळं फोटोत न लिहिता साध्या मजकुरात पाठवा. इंटरनेट नसतानाही तो वाचता येतो आणि त्यातला कोड कॉपी करता येतो.

वायफायचा पासवर्ड देऊन विषय संपवणे

पासवर्ड दिला तरी तो लागत नाही, याचं सर्वांत साधं कारण अक्षरांच्या सारखेपणात असतं. O आणि 0, l आणि 1 आणि I हे छापलेल्या कागदावर वेगळे ओळखू येत नाहीत. पाहुण्यांसाठीच्या पासवर्डात ही अक्षरं वापरूच नयेत, असं माझं ठाम मत आहे. लहान लिपीतले दोन-तीन सोपे शब्द आणि काही अंक पुरतात. मात्र एकूण किमान आठ अक्षरं लागतात, त्याहून कमी राउटर घेत नाही.

त्याहून सोयीचा मार्ग क्यूआर कोडचा. कुठल्याही क्यूआर बनवणाऱ्या ॲपमध्ये खालच्या पद्धतीने मजकूर टाकला की तयार झालेला कोड मोबाइलच्या कॅमेऱ्याने वाचताच जोडणी होते:

```
WIFI:T:WPA;S:GharGuest;P:sagar4826pankh;;
```

यात `S:` नंतर नेटवर्कचं नाव आणि `P:` नंतर पासवर्ड येतो, शेवटी दोन अर्धविराम हवेतच. नावात किंवा पासवर्डात अर्धविराम, स्वल्पविराम किंवा अपूर्णविराम `:` असेल तर त्याच्या आधी `\` लावावं लागतं. ते राहिलं तर कोड वाचला जातो, पण जोडणी होत नाही. कोडखाली पासवर्ड मोठ्या आकारात, जसाच्या तसा छापायचा विसरू नका, लॅपटॉपवाल्याला तोच लागतो.

आता बिघाडाकडे. 'राउटर रीसेट करा' असं लिहिणं ही वायफायच्या पानावरची सर्वांत महागात पडणारी चूक. पाहुणा टाचणी घेऊन राउटरमागचं बारीक छिद्र दाबतो, त्यात सगळी जुळवाजुळव पुसली जाते आणि तुम्ही किंवा तुमचा माणूस तिथे जाईपर्यंत घरात इंटरनेट नसतं. तुम्हाला म्हणायचं असतं ते असं: 'राउटरचा प्लग काढा, अर्धा मिनिट थांबा, पुन्हा लावा आणि तीन मिनिटं वाट पाहा. मागचं छिद्र दाबू नका.' फायबरची जोडणी असेल तर त्याच्या डब्यावर LOS नावाचा छोटा दिवा असतो. तो लाल लुकलुकत असेल तर बाहेरून येणारा प्रकाशाचा सिग्नलच पोहोचत नाहीये. घरातली वायर उपटलेली नाही एवढं पाहून कळवावं, प्लग काढून-घालून काही होणार नाही. ही एक ओळ पुस्तिकेत असली की पाहुणाच फोटो काढून पाठवतो आणि तुम्हाला थेट सेवा देणाऱ्या कंपनीकडे तक्रार करता येते.

वेगळं पाहुणा-नेटवर्क ठेवलंय आणि मोबाइलवरचं टीव्हीवर दिसत नाही, अशी तक्रारही येते. पाहुणा-नेटवर्कवर बहुधा उपकरणं एकमेकांना दिसू नयेत अशीच व्यवस्था असते. टीव्हीही त्याच नेटवर्कवर ठेवून स्वतः एकदा करून पाहा. तरीही दिसत नसेल तर तसं स्पष्ट लिहा.

उपकरण सांगणे, पण वेळ न सांगणे

गिझरचं पान घ्या. नेहमीचा मजकूर असतो: 'गिझर वापरण्यापूर्वी चालू करावा व नंतर बंद करावा.' यात चुकीचं काही नाही, पण पाहुण्याला हवं ते एकही उत्तर नाही. बटण कुठलं? किती थांबायचं? चालू झाला हे कसं ओळखायचं? आणि पाणी किती जणांना पुरेल?

समजा टाकी 15 लिटरची आणि गिझर 2 किलोवॉटचा आहे. पाणी 25 अंशांवरून 60 अंशांवर न्यायला साधारण अठरा मिनिटं लागतात. ते 60 अंशांचं पाणी नळाच्या पाण्यात मिसळून अंगावर घेण्याजोगं, म्हणजे 40 अंशांचं केलं, तर फार तर 35 लिटर होतं. मिनिटाला आठ लिटर सोडणाऱ्या शॉवरखाली ते चार-सव्वाचार मिनिटांत संपतं. म्हणजे चौघांचं कुटुंब एकामागोमाग अंघोळीला गेलं, तर दुसऱ्याच्याच अंगावर गार पाणी येणार आणि 'गिझर बिघडलाय' म्हणून फोन येणार. गिझर बिघडलेला नसतो, टाकी लहान असते. पान असं लिहून पाहा:

'गरम पाण्यासाठी: बाथरूमच्या दाराबाहेर उजवीकडे लाल ठिपक्याचं बटण आहे, ते दाबा. गिझरवर दिवा लागेल. वीस मिनिटांनी दिवा विझला की पाणी तयार. एका टाकीत एकाची अंघोळ होते, पुढच्याने पुन्हा वीस मिनिटं थांबावं. दिवा लागलाच नाही तर शेवटचं पान पाहा.'

दिव्याचा रंग आणि अर्थ प्रत्येक कंपनीत वेगळा असू शकतो, म्हणून आपल्या गिझरसमोर घड्याळ घेऊन एकदा उभं राहा आणि मगच वेळ लिहा. हिवाळ्यात नळाचं पाणी गार असलं की तीच टाकी जास्त वेळ घेते.

शेवटच्या पानावर विजेचा बोर्ड हवा, फोटोसकट, आणि प्रत्येक एमसीबीखाली, म्हणजे वीज आपोआप तोडणाऱ्या खटक्याखाली, तो कशाचा आहे याची चिठ्ठी. पडलेला एमसीबी पुष्कळदा अर्ध्यातच अडकलेला दिसतो आणि तसाच वर ढकलला तर बसत नाही. आधी पूर्ण खाली, मग वर. हे एकदाच करायचं. तो पुन्हा पडला तर कुठेतरी खरा दोष आहे, हात न लावता फोन करावा. ही मर्यादा ठळक लिहा, कारण उत्साही माणूस तो पाच वेळा वर करतो.

बाकी उपकरणांना एकेक ओळ पुरते, फक्त ती नेमकी हवी. इंडक्शन शेगडीवर लोहचुंबक चिकटेल तेच भांडं चालतं, म्हणून चालणारी भांडी वेगळ्या कप्प्यात ठेवून तसं लिहा. एसी चालू केल्यावर किंवा बंद करून लगेच पुन्हा लावल्यावर गार हवा यायला तीनेक मिनिटं लागू शकतात, आणि रिमोटवर हिमकणाचं चिन्ह नसेल तर बहुधा ती येत नाही. वॉशिंग मशीन थांबलं तरी पुढचं दार मिनिट-दोन मिनिटं बंदच राहतं, ते ओढू नये. कंपन्यांची जाडजूड माहितीपत्रकं फाइलमध्ये लावण्यापेक्षा या ओळी छापून त्या त्या उपकरणाजवळ चिकटवा.

आसपासची माहिती लिहून विसरून जाणे

इथे थोडंच लिहावं. जवळचं किराणा दुकान, औषधाचं दुकान, दवाखाना, गाडी कुठे मिळते, एवढं पुरे. अंतर पायी किती मिनिटं ते द्या, बंद असण्याचा वार आणि वेळ द्या आणि पानाच्या खाली ही माहिती कधी तपासली तो महिना लिहा. वीस ठिकाणांच्या यादीत पाच बंद पडलेली निघाली, तर पाहुण्याचा बाकीच्या पुस्तिकेवरचाही विश्वास जातो.

निघताना कामांची यादी देणे

चादरी काढा, भांडी लावा, फरशी पुसा, कचरा खाली न्या. घर स्वच्छ करण्याचे पैसे घेऊन वर ही यादी दिली तर पाहुणा चिडतो, आणि ते योग्यच आहे. तुमच्या सफाईवाल्यांना खरोखर गरज असते ती तीन-चार गोष्टींचीच: नासणारा कचरा बांधून ठरलेल्या जागी ठेवणं, गिझर आणि एसी बंद करणं, खिडक्या लावणं आणि किल्ली नेमक्या जागी सोडणं. ओले टॉवेल गादीवर न टाकता बाथरूममध्ये ठेवा, एवढंच त्यात वाढवता येईल. ही यादी पुस्तिकेत ठेवून भागत नाही. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी ती संदेशात पाठवा, त्यात वेळ लिहा, आणि उशीर होणार असेल तर कधीपर्यंत कळवायचं तेही. घरात सर्वांत जास्त विसरतात ते चार्जर, म्हणून 'निघण्याआधी प्रत्येक प्लग एकदा पाहा' ही ओळ दाराच्या आतल्या बाजूला, डोळ्यांच्या उंचीवर लावा.

पुस्तिका तयार झाली की घर कधीच न पाहिलेल्या एखाद्या ओळखीच्या माणसाला संध्याकाळी एकट्याने तिथे पाठवा. फाटकापासून अंघोळीपर्यंत त्याने फक्त मजकुराच्या आधारे जायचं. तो जिथे फोन करेल त्या जागेची नोंद करा आणि तेवढी पानं पुन्हा लिहा.